अनुभव धागा: "पाहिजे – पार्ट टाइम फिटनेस कोच". छोट्या अकॅडमीत काम केलेल्यांनी लिहा

नवा_शिट्टीवाला
नाशिकचा आहे, बीपीएड झालंय, दोन वर्षं जिममध्ये फ्लोअर ट्रेनर होतो. परवा एका बॅडमिंटन अकॅडमीची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली. जशीच्या तशी टाकतो: "पार्ट टाइम फिटनेस कोच पाहिजे. वेळ स. 6 ते 8 व सं. 5 ते 7. बीपीएड/एनआयएस प्राधान्य. मुलांची आवड असावी. मानधन अनुभवानुसार." फोन केला तर 12 हजार म्हणाले, रविवार सुट्टी. जाऊ का? ज्यांनी असं काम केलंय किंवा अशी जाहिरात दिलीय त्यांनी खरं खरं लिहा.

घामाघूम
मी असाच फसलो होतो त्यामुळे तुमचा हिशोब करून दाखवतो. रोज 4 तास, महिन्याला 26 दिवस म्हणजे 104 तास. घरापासून अकॅडमी किती लांब ते तुम्ही लिहिलं नाही, माझी 9 किलोमीटर होती. सकाळी जा-ये, संध्याकाळी परत जा-ये, म्हणजे रोज 36 आणि महिन्याला 936 किलोमीटर. माझी गाडी 45 चं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे साधारण 21 लिटर, पेट्रोल शंभराच्या वर धरलं तर बावीसशे रुपये गेले. 12 हजारातले हातात राहिले 9,800, भागिले 104, तासाला 94 रुपये. आणि यात रस्त्यावरचा वेळ धरलेलाच नाही. मुख्य म्हणजे मधल्या नऊ तासांत दुसरी नोकरी मिळत नाही, कोण म्हणेल की हा साडेचारला पळणारा माणूस मला चालेल? त्याला पार्ट टाइम म्हणतात पण दिवस पूर्ण जातो.

आता मी दुसरीकडे फक्त संध्याकाळी, आठवड्यातून तीन दिवस जातो, दोन तासांचे 500. महिन्याला 13 सेशन, 6,500. पेट्रोलचे साडेपाचशे गेले तरी तासाला सव्वादोनशेच्या पुढे पडतात, शिवाय दिवसभर दुसरं काम करता येतं. एकूण आकडा निम्मा दिसतो म्हणून घरचे नाराज होते, ही वजाबाकी कागदावर दाखवली तेव्हा गप्प बसले.

मातीतला
सेशनवर घेताना पावसाळा बघा भाऊ. आमची क्रिकेट अकॅडमी उघड्या मैदानावर, जूनमध्ये ग्राउंड गेलं की सेशन गेलं की पैसे गेले. मागच्या जुलैत मला चार सेशनचे पैसे मिळाले. मार्चला परीक्षा, तेव्हाही बॅच रिकामी. मेमध्ये समर कॅम्पला मात्र बोलावतात, एका वेळी 60 पोरं अंगावर सोडतात आणि रेट तोच. बॅडमिंटनला हॉल असल्याने पावसाचं टेन्शन नाही, परीक्षेचं आहेच.

एनआयएस_होल्डर
एनआयएस नसेल तर कोणी उभं करत नाही, उगाच वेळ घालवू नका. आधी पतियाळाला जा.

रबरबँड_ताई
असं काही नाही हो. पतियाळाचा तो मूळ कोचिंगचा डिप्लोमा खेळनिहाय असतो, कबड्डीचा, अ‍ॅथलेटिक्सचा वगैरे. जाहिरात लिहिणाऱ्याला फिटनेसवाला हवा असतो आणि लिहितात एनआयएस, कारण तेवढंच माहिती असतं. मला तर कुणी सर्टिफिकेट बघितलं नाही, फक्त विचारलं "ताई, पोरं ऐकतील ना तुमचं?"

पुण्यात बॅडमिंटनच्या मुलांबरोबर सहा वर्षं काम केलंय, म्हणून पगारापेक्षा वेगळी गोष्ट सांगते. जायच्या आधी हेड कोचला भेटा, मालकाला नाही. आणि एकच विचारा: पोराला थांबवायचा निर्णय कोणाचा? माझ्याकडे एक 13 वर्षांचा मुलगा होता, वर्षभरात भराभरा उंच झाला. गुडघ्याच्या वाटीखाली जे हाड पुढे येतं त्यावर बोट दाबलं की कळवळायचा, जिना उतरताना दुखायचं. या वयात उड्या जास्त झाल्या की होतं असं. मी उड्या, खोल लंजेस सगळं बंद केलं आणि आईवडिलांना ऑर्थोपेडिककडे जायला सांगितलं. दहा दिवसांनी बघते तर सकाळच्या बॅचला, जिथे मी नसायचे, हेड कोच त्याच्याकडून कोर्टवर जंप स्मॅश मारून घेतायत, कारण डिस्ट्रिक्टची टूर्नामेंट जवळ आली होती. वर उशिरा आला म्हणून शिक्षा, दहा राउंड. माझ्या उड्या, त्यांच्या उड्या आणि शिक्षेचे राउंड यांची बेरीज कुणीच करत नव्हतं. पार्ट टाइमवाल्याचं हेच दुखणं, तुम्हाला पोराच्या दिवसाचा एक तुकडाच दिसतो.

मग मी दारामागे एक वही टांगली. कोणी काय करून घेतलं ते दोघांनीही लिहायचं. हेड कोचनी तीन आठवडे लिहिलं, मग सोडलं. पण त्या तीन आठवड्यांत भांडण झालं नाही.

हॉलमालक
मी जाहिरात देणाऱ्यांपैकी आहे, शिव्या घालायच्या आधी ऐका. 40 मुलं, 1,500 फी, महिन्याला 60 हजार. त्यात हॉलचं भाडं, लाइटबिल, शटल (ते तर विचारूच नका), हेड कोच. उरतं त्यातून फिटनेसवाला. जाहिरातीत आकडा लिहीत नाही कारण शेजारची अकॅडमी लगेच हजार वाढवून माणूस पळवते. माझीही चूक झाली पण. पहिल्यांदा नुसतं "फिटनेस कोच" लिहिलं तर सगळे बॉडीबिल्डिंगवाले आले. एकाला घेतलं, त्याने पहिल्याच दिवशी नऊ-दहा वर्षांच्या पोरांकडून शंभर बैठका मारून घेतल्या. दुसऱ्या दिवशी 11 पालकांचे फोन. आता लिहितो, "8 ते 16 वयाची मुलं, एका वेळी 20, मशीन नाहीत". अर्ज कमी येतात पण कामाचे येतात.

चिंतू_आई
माझा मुलगा 11 वर्षांचा आहे, उंची वाढायला कोणतं प्रोटीन द्यावं? इथे कोच लोक आहेत म्हणून विचारते.

रबरबँड_ताई
डबा नको, डाळ-अंडं-दूध आणि झोप. बाकी मुलांच्या डॉक्टरांना विचारा, हा धागा नोकरीचा आहे.

घामाघूम
एक राहिलं, ट्रायल. एक तासाची ट्रायल ठीक आहे. मला एका ठिकाणी आठवडाभर फुकट ट्रायल द्यायला लावली, मग "कळवतो". नंतर कळलं माझ्या आधी आणि माझ्या नंतरही एकेक जण आठवडा देऊन गेला, म्हणजे यांचे तीन आठवडे फुकटात निघाले. दुसऱ्या दिवसापासून पैसे मागा.

मातीतला
आणि अकॅडमीतल्या पोराने घरी पर्सनल ट्रेनिंग मागितलं तर? माझ्याकडून कागदावर सही घेतली होती की घ्यायचं नाही.

हॉलमालक
घ्यायचं नाहीच! पोरगं माझ्याकडे आलं म्हणून तुम्हाला भेटलं.

घामाघूम
महिन्याला 13 सेशनचे 6,500 देऊन बाकीचे 17 दिवस पण तुमचेच का मालक?

हॉलमालक
मग विचारून घ्या. चोरून घेतात त्याचा राग येतो.

मातीतला
विचारलं तर नाही म्हणता.

नवा_शिट्टीवाला
सगळ्यांचे आभार. माझं घर 7 किलोमीटरवर आहे, हिशोब केला, 99 रुपये तास आला. उद्या जातोय, आठवड्यातून तीन संध्याकाळ सेशनवर मागणार. ताई, बीप टेस्ट घेऊन दाखवली तर छाप पडेल का? हॉलमध्ये दोनच कोर्ट आहेत.

रबरबँड_ताई
आधी टेप लावून जागा मोजा. बीप टेस्टला सरळ 20 मीटर लागतात, कोर्टाची लांबी 13.4 असते. मी न मोजता घेतली होती, दोन पोरं भिंतीवर जाऊन आपटली.