पाहुण्याच्या बुटाचा नंबर आधी विचारा

> खरेदीदार कारखाना बघायला येणार आहे. निमंत्रणात सुरक्षेचे नियम किती लिहायचे?

निघण्याआधी त्याला जे करावं लागेल, तेवढेच लिहा. बाकीचे गेटवर दहा मिनिटांत समजावून सांगता येतात. आधी कळवायलाच हवं असं म्हणजे सैल कपडे आणि दागिने नकोत, फोटो परवानगीनेच, आणि वेल्डिंग विभाग असेल तर पेसमेकर असल्यास कळवा.

बुटाचा नंबर मात्र जरूर विचारा, आणि तो यूकेचा की युरोपचा हेही. यूकेचा ८ म्हणजे युरोपचा साधारण ४२. मापाचे सेफ्टी शूज नसले तर पाहुणा शॉप फ्लोअरच्या दारातच अडतो.

वेळापत्रक उत्पादन विभागाशी बोलूनच ठरवा. त्याचा माल ज्या मशीनवर होणार, ते चालू असताना फेरी हवी. शिफ्ट बदलताना नेलंत तर बंद मशीनच दिसेल. म्हणून फेरी सकाळी, दर आणि करारावरची चर्चा जेवणानंतर. लांबच्या विमानप्रवासाच्या दिवशी फेरी ठेवूच नका. दमलेला माणूस फोर्कलिफ्टच्या वाटेत येतो.

विमानाची वेळ विचारताना पासपोर्टवरचं नावही मागून घ्या, गेटपास त्याच नावाने करा. चालकाचा नंबर आणि गाडीचा क्रमांक आदल्या दिवशी पाठवा.