मदत हवी आहे: के-मॅपचं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही (फोटो जोडला आहे)

प्रतापनगर२
उद्या दुपारी टेस्ट आहे आणि एकाच गणितावर दोन तासांपासून अडकून बसलो आहे. फोटो जोडला आहे, चौथं गणित. के-मॅपनं सोपं करायचं आहे, पण माझ्या मॅपमध्ये एकही गट पडून नाही राहिला. पुस्तकात मात्र उत्तर दोनच टर्मचं दिलं आहे. लवकर सांगा, प्लीज.

धरमपेठची_ताई
फोटोवर अंगठ्याची सावली पडली आहे, अर्धे बार दिसत नाहीत. समीकरण टाइप कर, बारच्या जागी ' दे. मॅप कसा काढलास तोही टाक. आणि पुस्तकाचं उत्तर काय आहे ते तू सांगितलंच नाहीस.

गणितवेडा
एकही गट पडत नसेल तर बुद्धिबळाच्या पटासारखा मॅप आला असणार. तो चारही अक्षरांचा एक्स-ऑर असतो, तो आणखी लहान होत नाही. पुस्तकाचं उत्तर चुकलं आहे, सोडून दे.

प्रतापनगर२
```
Y = A'B'C'D' + A'B'CD' + AB'D' + ABD

AB\CD  00  01  10  11
 00     1   0   1   0
 01     0   0   0   0
 10     1   0   1   0
 11     0   1   0   1
```
पुस्तकाचं उत्तर `A + B'D'`. माझ्याकडे चार-चार अक्षरांच्या सहा टर्म उरतात.

धरमपेठची_ताई
गणितवेडा, पटासारखा मॅप असता तर आठ घरांत एक आले असते. इथे सहाच आहेत.

प्रतापनगर, तुझी ओळ-स्तंभांची मांडणी बघ. ०१ नंतर तू १० घेतलंस. तिथे एका पावलात दोन्ही अंक बदलले. गट जोडता येतो तो शेजारच्या दोन घरांत एकच अक्षर बदलतं म्हणून. क्रम ००, ०१, ११, १० असाच हवा, वरही आणि डावीकडेही. तुझे एक बरोबर घरांत आहेत, पण घरंच चुकीच्या जागी आहेत. नवीन मॅप काढ.

सोल्डरवाला
भाऊ, `A + B'D'` बनवायला फार काही लागत नाही. ७४०२ चं एक गेट आणि ७४३२ चं एक गेट, संपलं. फक्त ७४०२ च्या पिना सांभाळ. ७४०० मध्ये १ आणि २ इनपुट आणि ३ आउटपुट असतो, ७४०२ मध्ये १ आउटपुट असतो. मी डिप्लोमाला असताना ७४०० काढून त्याच वायरिंगवर ७४०२ खोचला आणि अख्खा प्रॅक्टिकल एलईडीकडे बघत बसलो. आयसी बर्डीवर मिळून जातील.

प्रतापनगर२
दादा, सर्किट नाही बनवायचं, कागदावरच सोडवायचं आहे. ताई, नवीन मॅप:
```
AB\CD  00  01  11  10
 00     1   0   0   1
 01     0   0   0   0
 11     0   1   1   0
 10     1   0   0   1
```
आता मधले दोन जुळले, `ABD`. पण चार कोपरे सुटेच राहिले ना?

धरमपेठची_ताई
नाही, ते चारही एकमेकांचे शेजारी आहेत. ०० आणि १० मध्ये एकच अंक बदलतो, म्हणजे पहिली ओळ शेवटच्या ओळीला लागून आहे आणि पहिला स्तंभ शेवटच्या स्तंभाला. चारही कोपऱ्यांत A बदलतो, C बदलतो, B आणि D मात्र शून्यच राहतात. म्हणून एकच टर्म, `B'D'`.

प्रतापनगर२
म्हणजे `B'D' + ABD`. तरी जुळत नाही! पुस्तकात नुसता A आहे. ताई, आता काऊन?

गणितवेडा
बघा, छपाईचीच चूक. `ABD` मधले B आणि D गळाले. तू आपलं उत्तर लिही.

धरमपेठची_ताई
पुस्तकाला दोष देण्याआधी एक काम कर. पुस्तकाचं उत्तर त्याच मॅपवर मांड. `A` म्हणजे खालच्या दोन ओळी पूर्ण एकनं भरतील. तुझ्याकडे त्यातली कोणती घरं शून्य आहेत? ९, ११, १२ आणि १४. आता ही चार घरं अंकांत लिही: १००१, १०११, ११००, १११०. चौघांतही A एक आहे, आणि B व D पैकी नेमका एकच एक आहे.

छपाईत अक्षरं गळाली असती तरी हीच चार घरं राहिली असती, पण आधी तू उतरवून घेतलेलं समीकरण तपासू. मला वाटतं तुझ्या तिसऱ्या टर्ममध्ये गडबड आहे. B आणि D वर दोन वेगळे बार आहेत की एकच सलग? वेगळे असतील तर B आणि D दोन्ही शून्य असतानाच एक मिळतो. सलग असेल तर दोन्ही एक असतानाच शून्य मिळतो, बाकी सगळीकडे एक. B आणि D पैकी एकच एक असेल तिथेच या दोन वाचनांत फरक पडतो. तुझी हरवलेली घरं तीच आहेत.

सोल्डरवाला
म्हणजे ७४०० आणि ७४०२ चाच फरक झाला की! सलग बार ७४००, तुटक बार ७४०२. B ला 0 आणि D ला 1 द्या, ७४०० एक देईल, ७४०२ शून्य.

धरमपेठची_ताई
अगदी बरोबर. तुमची एलईडीची गोष्ट मघाशी मला अवांतर वाटली होती, पण चूक तीच आहे.

प्रतापनगर२
फोटो मोठा करून बघितला. पहिल्या दोन टर्ममध्ये बारांच्या मधे बारीक फट दिसते. तिसऱ्यात B पासून D पर्यंत रेघ न तुटता गेली आहे, आणि A नंतर एक ठिपकाही आहे, तो मी झेरॉक्सचा डाग समजलो होतो. मित्रानं झेरॉक्सचा फोटो पाठवला होता, मी तसाच उतरवून घेतला.

आता तिसरी टर्म `A·(BD)'`. तिनं ८, ९, १०, ११, १२, १४ भरले, `ABD` नं १३ आणि १५. खालच्या दोन ओळी पूर्ण, आठचा गट, `A`. कोपरे तसेच. `A + B'D'`. जुळलं!!

गणितवेडा
मग मॅप कशाला पाहिजे होता? `A(BD)' + ABD` मध्ये A बाहेर काढला की कंसात काहीतरी अधिक त्याचंच उलट, म्हणजे एक. दोन ओळींत झालं असतं. मुलांना मॅपची सवय लावून बीजगणित विसरायला लावतात.

धरमपेठची_ताई
बार सलग आहे हे कळल्यावर दोन ओळींत झालं असतं. `AB'D' + ABD` घेऊन बीजगणित केलंत तर तुम्हीही `B'D' + ABD` वरच थांबाल, आणि गडबड कुठे आहे ते दिसणार नाही. मॅपवर ती चार घरं दिसली.

गणितवेडा
हे पटलं, पण प्रश्नात मॅप सक्तीचा नसेल तर मी बीजगणितच करीन.

प्रतापनगर२
के-मॅपनंच करा असं लिहिलं आहे. ताई, अजून एक. त्याच फोटोत पाचव्या गणितात C आणि D वरची रेघ मधेच पुसट आहे आणि त्याचं उत्तर मागे दिलेलंच नाही. सलग धरू की तुटक?

धरमपेठची_ताई
तिथे ताळा करायला काहीच नाही, त्यामुळे फोटोवरून मी सांगू शकत नाही. सकाळी मूळ पुस्तक गाठ. मित्राकडे झेरॉक्स आहे, म्हणजे कोणाकडे तरी पुस्तक आहेच.

प्रतापनगर२
तो फोन नाही उचलून राहिला. सकाळी कॉलेजच्या लायब्ररीत बघतो.