मदत हवी आहे: कमी रेंजच्या गावांसाठी चॅट – वेबसॉकेट ठेवू की तयार सेवा घेऊ?

यवतमाळकडच्या गावांतले शेतकरी कपाशीच्या पानांचे फोटो पाठवून सल्ला विचारतात, असं अँड्रॉइड अ‍ॅप आहे. त्यात चॅट जोडतोय. एका वेळी साधारण 300 जण, एकच छोटा सर्व्हर, नोड आणि `ws`.

आधी दर 10 सेकंदांनी पोलिंग केलं. म्हणजे सेकंदाला 30 विनंत्या, बहुतेक रिकाम्या, आणि शेतकऱ्याचा डेटा फुकट. म्हणून वेबसॉकेट घेतलं. ते बरोबर 60 सेकंदांनी तुटायचं, कारण nginx चा `proxy_read_timeout` मुळात तेवढाच असतो. दर 25 सेकंदांनी पिंग सुरू केल्यावर ते थांबलं.

खरी अडचण पुढे आहे. माणूस वावरात गेला की रेंज जाते, पण सर्व्हरला कनेक्शन जिवंतच दिसतं. पाँग न आल्याचं कळेपर्यंत पाठवलेले मेसेज हवेत विरतात. म्हणून आता प्रत्येक मेसेज आधी डेटाबेसमध्ये जातो आणि फोन पुन्हा जोडला की शेवटच्या आयडीपुढचं सगळं मागतो. पोच हरवली तर तोच मेसेज दोनदा जाऊ नये म्हणून फोनच युनिक आयडी देतो. फोटो वेगळे, एचटीटीपीने जातात. अ‍ॅप बंद असताना FCM वापरणार, कारण डोझमध्ये सॉकेट टिकत नाही.

आयफोन नको, ग्रुप चॅट नको, दरमहा प्रतिवापरकर्ता खर्च परवडत नाही.

ज्यांनी तयार मेसेजिंग सेवा अशा रेंजमध्ये चालवली, त्यांनी सांगा: रेंज गेल्यावरचे मेसेज भरून काढणं आणि फोनमधली न गेलेल्या मेसेजची रांग तिचं एसडीके स्वतः सांभाळतं, की तेवढा कोड तरीही आपल्यालाच लिहावा लागतो?