मदत हवी आहे: रेपो उतरला, तरी रिसेट नोटिशीत व्याजदर ८.१५ च. हिशेब कसा तपासू?

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. ऑगस्ट २०२२ अखेरीस इंदिरानगरमधल्या फ्लॅटसाठी एका बँकेकडून ३० लाखांचं गृहकर्ज घेतलं, २० वर्षांसाठी. मंजुरीपत्रात लिहिलंय: रेपो ५.४० + स्प्रेड २.६५ = ८.०५ टक्के, हप्ता २५,१८७. दर तीन महिन्यांनी रिसेट.

१ जानेवारी २०२६ च्या रिसेटची नोटीस आलीय. त्यात असं आहे:

बेंचमार्क (रेपो): ५.२५
स्प्रेड: २.९०
लागू दर: ८.१५
शिल्लक मुद्दल: २८,६३,६७७
सुधारित हप्ता: २५,१८७
शिल्लक हप्ते: २१९

गेल्या फेब्रुवारीपासून रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. मग हप्ता कमी का नाही? आणि ४० हप्ते भरून झालेत, म्हणजे २०० उरायला हवेत. हे २१९ कुठून आले? शाखेत विचारलं तर म्हणाले, "सिस्टीममधून आलंय, बरोबरच असणार."

सिडकोकर

माझंही तेच रडगाणं. रेपो चार वेळा उतरला, माझा दर एकदाच हलला, तोही ०.१० ने. सगळे एका माळेचे मणी.

कॅनडाकॉर्नर

पाथर्डीफाटा, सरळ तक्रार ठोका. रेपोशी जोडलेल्या कर्जात स्प्रेड कर्ज संपेपर्यंत बदलताच येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २.९० हा आकडा बेकायदाच.

जुनाखातेवही

मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी बेंचमार्क. रेपो ५ डिसेंबर २०२५ ला ५.२५ झाला आणि तुमचा रिसेट १ जानेवारीला, त्यामुळे ५.२५ बरोबर आहे. पुढच्या वेळी बघताना रिसेटच्या दिवशीचा रेपो धरायचा, नोटीस हातात पडली त्या दिवशीचा नाही. मध्ये काही बँका करारात 'आधीच्या महिन्यातला अमुक दिवस' असं लिहितात, तेवढं कलम वाचून घ्या.

आता स्प्रेड. खरी गंमत इथे आहे. रेपो पाव टक्का उतरला आणि स्प्रेड नेमका पाव टक्का चढला. जुलैच्या रिसेटला ५.५० + २.६५ = ८.१५ होते, आता ५.२५ + २.९० = ८.१५. दर तोच दिसत असल्यामुळे बहुतेकांच्या नजरेतून हे निसटतं. जुलै आणि ऑक्टोबरच्या नोटिसा काढून स्प्रेडची ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा.

कॅनडाकॉर्नर, तुमचं अर्धं बरोबर आहे. स्प्रेडमध्ये कर्जदाराच्या जोखमीचा भाग असतो, तो त्याची पत लक्षणीय बदलली तरच, आणि करारात ठरलंय तसाच बदलता येतो. बाकीचा भाग, म्हणजे बँकेचा खर्च वगैरे, तीन वर्षांतून एकदा बदलता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून हा बाकीचा भाग तीन वर्षांच्या आत कमी करायला मुभा मिळालीय, पण वाढवायला नाही. यांच्या कर्जाला ऑगस्ट २०२५ मध्येच तीन वर्षं झाली, त्यामुळे बँक त्या आडोशाला उभी राहू शकते. म्हणून 'बेकायदा' असं लिहू नका. कोणता भाग, किती, कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या तारखेपासून वाढवला, हे लेखी विचारा.

हप्त्याचं म्हणाल तर दर उतरला की बऱ्याच बँका हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करतात. चढला की मुदत वाढवतात. २०२३ मध्ये तुमचा दर ९.१५ झाला होता आणि हप्ता हललाच नव्हता, त्यामुळे तेव्हा तुमची मुदत तीनशे महिन्यांच्या आसपास गेली असणार. ती आता उतरत २१९ वर आलीय. २०० हा आकडा फक्त मूळ तक्त्यात राहिला.

२१९ स्वतः पडताळून पाहा. एक्सेलमध्ये:

```
=NPER(8.15%/12,-25187,2863677)
```

२१८.५ येतं, म्हणजे २१९ हप्ते, शेवटचा छोटा. बँकेचं गणित तिच्या दराप्रमाणे बिनचूक आहे. आता 8.15 च्या जागी 7.9 टाका, म्हणजे ५.२५ + २.६५. उत्तर २१०.४. आठ हप्त्यांचा फरक, दोन लाखांच्या वर. पाव टक्क्याची किंमत ही एवढी.

पाथर्डीफाटा

काका, खूप आभार. नोटिसा काढल्या, जुलै आणि ऑक्टोबर दोन्हींत स्प्रेड २.६५ च आहे. मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर 'वेतन खाते सवलत ०.१०, खाते सुरू असेपर्यंत' अशी एक ओळ आहे. मी ऑक्टोबरमध्ये अंबडहून सातपूरच्या कंपनीत आलो आणि पगार दुसऱ्या बँकेत जमा होतो. याचा संबंध असेल?

जुनाखातेवही

नक्कीच असेल. ही सवलत गेली तर स्प्रेड २.७५ आणि दर ८.०० होतो. तेवढं करारात आहे, त्यावर भांडू नका. पगार पुन्हा तिथे वळवता आला तर सवलतही परत मागा. उरलेल्या ०.१५ चा जाब मात्र मागायचा. नोकरी बदलताना सिबिल स्कोअर घसरला होता का?

पाथर्डीफाटा

७८० च्या वर आहे, एकही हप्ता चुकलेला नाही.

जुनाखातेवही

मग जोखमीचा भाग वाढवायला कारण दिसत नाही. राहिला तीन वर्षांवाला भाग. तो असेल तर त्या वेळी कर्ज घेतलेल्या इतरांचाही स्प्रेड वाढला असणार. तुमच्या इमारतीत कोणी असेल तर विचारून बघा.

सिडकोकर

आणि माझ्या ०.१० चं काय?

जुनाखातेवही

तुमचं कर्ज बँकेचं की गृहवित्त कंपनीचं?

सिडकोकर

गृहवित्त कंपनीचं. पत्रात 'आरपीएलआर वजा' असं काहीतरी आहे.

जुनाखातेवही

मग तुमचा प्रश्नच वेगळा. ऑक्टोबर २०१९ पासून नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला बाहेरचा बेंचमार्क लावायची सक्ती बँकांवर आहे, गृहवित्त कंपन्यांवर नाही. तुमचा बेंचमार्क कंपनीच ठरवते. रेपो उतरला म्हणून तिने तो लगेच उतरवलाच पाहिजे असं नाही. नवा धागा काढा, इथे दोन्हींची खिचडी होईल.

कॅनडाकॉर्नर

मुदत लांबवायची की हप्ता वाढवायचा, हे यांना विचारलं होतं का? ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर विचारायला हवं होतं ना?

जुनाखातेवही

हा मुद्दा चांगला काढलात. दर बदलताना हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं किंवा दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यायचाय. शिवाय दर तिमाहीला आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, शिल्लक हप्ते आणि वार्षिक दर यांचं विवरणही. पाथर्डीफाटा, कर्ज मूळच्या २०० हप्त्यांतच संपवायचं असेल तर ७.९० ने हप्ता सुमारे २५,७९७ येतो, ८.१५ ने २६,२२१. हे दोन्ही आकडे पत्रात टाका.

पाथर्डीफाटा

कॉलेज रोडच्या शाखेत पत्र देऊन पोच घेतली, मुख्यालयाला मेलही केला. शाखाधिकारी म्हणाले, फी भरून स्प्रेड कमी करून मिळेल, नव्या ग्राहकांचा दर बराच खाली आहे. जानेवारीचं व्याज १९,४४९ लागलंय, म्हणजे ८.१५ नेच. ७.९० ने ते १८,८५३ झालं असतं.

जुनाखातेवही

फी भरायची घाई करू नका, आधी ०.१५ चं लेखी उत्तर येऊ द्या. फी भरून नवा करार केलात तर जुन्या स्प्रेडचा वाद तिथेच मिटला असं बँक म्हणेल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार. तिथे 'स्प्रेड जास्त आहे' एवढंच लिहिलंत तर तो बँकेचा व्यावसायिक निर्णय म्हणून तक्रार परत येण्याची शक्यता आहे. 'कारण न कळवता स्प्रेड बदलला आणि मुदतीचा पर्याय दिला नाही' असं लिहा.

कॅनडाकॉर्नर

माझं कर्ज २०२१ चं आहे, आत्ताच नोटीस काढली. स्प्रेड २.७० होता, आता २.८५. माझंही ०.१५. बँक कोणती ते इथे नको, व्यनि करतो.