मदत हवी: रीलमधला आकडा लाइकच्या बटणामागं जायलाय

शिवारातला_पोरगा (औसा)
अण्णांचं सोयाबीनच्या उगवण चाचणीचं रील टाकलं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे, आठ दिवसांनी मोजणी. खाली लिहिलंय तेच नेमकं दिसायलं नाही. एडिट करताना सगळं बरोबर होतं. कॉमेंटमध्ये जो तो विचारायलाय, "एकरी किती?" पेरणी तोंडावर आलीय. मजकूर कुठं सरकवू, तेवढं सांगा.

बाभळगावकर
कॅप्शन छोटं ठेवा भाऊ. पहिल्या ओळीत मुद्दा, हॅशटॅग शेवटी. लांबलं की "more" मागं जातं.

शिवारातला_पोरगा
दादा, पोस्टखालचं नाही. व्हिडिओवर टाकलेली अक्षरं.

परभणी_फोटोवाला
अ‍ॅप कोणतं ते सांगा आधी. ओळ काय आहे, मध्यावर आहे का डावीकडं? फाइल १०८० बाय १९२० ची आहे का?

शिवारातला_पोरगा
इन्स्टाच, दुसरं काय. हो, १०८० बाय १९२०. ओळ अशी: "७० च्या वर उगवले तर एकरी ३० किलो". पूर्ण रुंदीची, तळापासून जरा वर.

परभणी_फोटोवाला
मग "३० किलो" उजव्या टोकाला गेलं आणि तिथंच लाइक, कॉमेंट, शेअरची रांग असते. खाली डावीकडं तुमचं नाव, कॅप्शन, गाण्याची पट्टी. एडिटरात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून फसगत होते.

जालना_स्पेअरपार्ट
मी पैसे भरून चालवलेल्या रीलवर तर खाली आणखी एक बटण आलं आणि दुकानाचा नंबर त्याच्यामागं गेला. तेव्हापासून नंबर सगळ्यात वर टाकतो.

परभणी_फोटोवाला
सगळ्यात वरही अ‍ॅपची बटणं असतात हो. मेटा रीलच्या जाहिरातींसाठी सांगतं, की वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मोकळे ठेवा. १९२० मध्ये मोजलं तर वर साधारण २७० आणि खाली ६७० पिक्सेल. साध्या रीलला खालून इतकं झाकत नाही, पण हे पाळलं तर जाहिरात केली तरी मजकूर वाचतो.

लातूरची_मेघा
एवढं गणित कशाला? चालू रीलचा स्क्रीनशॉट काढा, एडिटरात अर्धा पारदर्शक करून व्हिडिओवर ठेवा. बटणं कुठं येतात ते दिसतं.

परभणी_फोटोवाला
कल्पना चांगली, पण फोनची स्क्रीन व्हिडिओपेक्षा उंच असते. १०८० बाय २४०० चा स्क्रीनशॉट १९२० मध्ये कोंबला की सगळी बटणं वर सरकतात. रुंदी जुळवून, व्हिडिओचा वरचा काठ जुळवून ठेवला तर चालेल. त्यापेक्षा एक कोरं चित्र घ्या. उभे १० रकाने, आडव्या २० ओळी, प्रत्येक ओळीला आकडा लिहा. एक ओळ ९६ पिक्सेलची होते. पाच सेकंदाचं रील करून प्रायव्हेट खात्यावर टाका आणि झाकलेले आकडे वाचा.

शिवारातला_पोरगा
केलं. माझ्या फोनवर १६ च्या खाली डावीकडं नाव-कॅप्शन. उजवीकडं ९ आणि १० रकाना, ११ व्या ओळीपासून खाली बटणं. माझी ओळ १५ मध्ये होती! मग मधोमध, ९-१० मध्ये घेऊ का?

लातूरची_मेघा
मधोमध अण्णांचं तोंड नाही का येणार?

शिवारातला_पोरगा
तोंड ५-६ मध्ये आहे, पण दाणे मोजणारा हात ९ ते ११ मध्ये. तो तर दिसायलाच पाहिजे.

परभणी_फोटोवाला
मग १२-१३ मध्ये, डावीकडून दुसऱ्या ते आठव्या रकान्यात, दोन ओळींत तोडा. "७० च्या वर उगवले तर" वर, "एकरी ३० किलो" खाली. ओळींत अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांटीत अडकतात. अण्णांचं तोंड आहे तिथंच राहू द्या. प्रोफाइलच्या चौकटीत ३:४ होऊन वरून-खालून २४०-२४० पिक्सेल कटतात, म्हणजे अडीच-अडीच ओळी. कव्हरवरचं नाव दुसऱ्या ओळीत टाकलं असेल तर ते मात्र खाली घ्या.

शिवारातला_पोरगा
नाव दुसऱ्याच ओळीत आहे 🙏 जुन्या रीलमध्ये व्हिडिओ बदलता येतो का? चाळीस हजार व्ह्यूज आहेत.

परभणी_फोटोवाला
नाही. कॅप्शन बदलता येतं, व्हिडिओ नाही. आकडा कॅप्शनच्या पहिल्या शब्दांत घ्या आणि तोच कॉमेंटमध्ये लिहून पिन करा.

लातूरची_मेघा
मी तर काढून नवीन टाकलं असतं. कॉमेंट उघडतंय कोण?

परभणी_फोटोवाला
जो तो तिथंच "एकरी किती" विचारायलाय, म्हणजे उघडायलेतच की.

शिवारातला_पोरगा
पिन केलंय. नवीन करून हीच फाइल यूट्यूब शॉर्ट्सला चालंल का?

जालना_स्पेअरपार्ट
ते राहू द्या, एकरी ३० किलो कशानं पेरता? बीबीएफवर बी कमी लागतं.