उद्यम प्रमाणपत्र असताना परफॉर्मन्स गॅरंटी का भरायची?

तळकोकणी
आमच्या नगरपंचायतीची सौर पथदिव्यांची निविदा आली आहे. माझं उद्यम आहे, त्यामुळे ईएमडी म्हणजे निविदेसोबतची अनामत माफ आहे. तरी अटींत ५ टक्के परफॉर्मन्स गॅरंटी, तीही ५ वर्षांच्या वॉरंटीपर्यंत! उद्यमवाल्यांना गॅरंटी माफ असते, हे सगळ्यांना माहीत आहे. कार्यालय मुद्दाम छोट्यांना अडवतंय. मी तर गॅरंटी न भरताच निविदा टाकणार.

गुहागर इलेक्ट्रिकल
"सगळ्यांना माहीत आहे" हे वाक्य वाचून राहवलं नाही. याच समजुतीपायी मी एकदा मिळालेला आदेश गमावला, वर काळ्या यादीत टाकण्याची नोटीसही आली. उद्यमने माफ होते ती ईएमडी. परफॉर्मन्स गॅरंटी माफ होत नाही. ईएमडी तुम्ही निविदेतून मध्येच पळून जाऊ नये म्हणून असते, गॅरंटी आदेश घेतल्यावर माल नीट द्यावा आणि पुढे तो टिकावा म्हणून. ती निविदेसोबत भरायचीच नसते, आदेश मिळाल्यावर ठरलेल्या दिवसांत भरायची. तेव्हा भरली नाही तर आदेश रद्द, आणि ईएमडी माफ असल्यामुळे जप्त करायला काही नसतं, म्हणून बंदीच घालतात.

आता तुमचा हिशोब करून बघा. समजा १२० दिवे, एक २१,५०० ला. आदेश २५,८०,००० चा, गॅरंटी १,२९,०००. तुमचा नफा ६ टक्के धरला तर १,५४,८००. म्हणजे जवळजवळ सगळा नफा गॅरंटीत अडकला. आणि किती दिवस? पुरवठ्याचे ३ महिने, वॉरंटीची ५ वर्षं, वर ६० दिवस. त्यापुढे कार्यालयाने दावा करायची १२ महिन्यांची मुदत बँक धरते. एकूण ६ वर्षं ५ महिने. ही गॅरंटी बँकेकडून काढून द्यायची, आणि नवीन खातं असेल तर बँक गॅरंटीएवढी पूर्ण एफडी मागते. कमिशन माझ्या बँकेत वर्षाला २ टक्के, अधिक जीएसटी, आणि दाव्याच्या मुदतीचंही लावतात. सगळं मिळून साडेएकोणीस हजार. हे दरात धरलंय का? भांडायचं तर या मुदतीवर भांडा, माफीवर नको.

रत्नागिरी ठेकेदार
तुमचं ५ टक्क्यांचं रडगाणं! आमच्या रस्त्याच्या कामांना अंदाजपत्रकापेक्षा खाली दर टाकला की जादा सुरक्षा रक्कम वेगळी. बाहेरून येणारे २५-३० टक्के खाली जातात, आम्ही रास्त दर टाकून घरी. खाली जाणाऱ्यांवर कोणी बोलत नाही.

गुहागर इलेक्ट्रिकल
दादा, तो रस्ताकामाचा प्रश्न आहे. इथे माल पुरवायचा आहे.

रत्नागिरी ठेकेदार
पैसा अडकतो तो सारखाच अडकतो. माझी ८० हजारांची एफडी काम संपून दोन वर्षं झाली तरी बँकेत पडून आहे. गॅरंटीची मुदत संपली, बँक म्हणते मूळ कागद आणा. कार्यालय म्हणतं फाईल सापडत नाही. तीन उपअभियंते बदलले.

निवृत्त लेखाधिकारी
मी अशा फायली तीस वर्षं हाताळल्या. मूळ बँक गॅरंटी म्हणजे बीजी परत आणि सोबत 'दायित्व नाही' असं पत्र, ही दोन्ही हातात आल्याशिवाय बँक लवकर एफडी सोडत नाही. म्हणून बीजी जमा करतानाच पोच घ्या. त्या पोचेवर बीजी क्रमांक, रक्कम, मुदत आणि आवक क्रमांक हवा. फाईल हरवली तरी आवक नोंदवहीत नोंद सापडते. मुदत संपायच्या दोन महिने आधी लेखी मागणी करा, संपल्यावर नव्हे. बिलाच्या वेळी साहेब ओळखीचे असतात, सहा वर्षांनी कोणी ओळखत नाही.

आणि गुहागरकर, एफडीवर व्याज मिळतं हे तुम्ही सांगितलं नाही. तोटा सगळ्या १,२९,००० चा नाही. कमिशन जातं, आणि तेवढं भांडवल माल उचलायला वापरता येत नाही, इतकंच.

गुहागर इलेक्ट्रिकल
मान्य, व्याज मिळतं. पण कारखान्याला माल सोडवायला आगाऊ पैसे द्यायचे असतात तेव्हा त्या व्याजाने काय होतं? तुम्ही फायली पाहिल्यात, मी गोडाऊन पाहिलंय.

मालवण बंदर
गॅरंटी जप्त करायला लागले तर कोर्टातून स्टे घ्यायचा. माझ्या मेव्हण्याने घेतला होता. घाबरायचं काय?

निवृत्त लेखाधिकारी
अर्धंच खरं आहे. बँक गॅरंटीत लिहिलेलं असतं की मागणी येताच, कारण न विचारता पैसे देऊ. बँकेला तुमच्या वादाशी देणंघेणं नसतं. स्टे मिळतो तो उघड फसवणूक असेल किंवा कधीच भरून न निघणारं नुकसान होणार असेल तरच. दिवे चांगले होते की वाईट, हे सांगायला वेगळा दावा, आणि तोवर पैसे गेलेले. मेव्हण्यांचं प्रकरण काय होतं ते कागद पाहिल्याशिवाय मी काही म्हणणार नाही.

मालवण बंदर
म्हणजे माझा मेव्हणा खोटं बोलतो?

वेंगुर्ला वायरमन
मेव्हणा बाजूला ठेवा हो. मी हेच दिवे बसवतो. समुद्राकडच्या रस्त्यावर दोन पावसाळ्यांत बॅटरीपेटीच्या झाकणाचे स्क्रू गंजतात, रबर सैल होतं, पाणी शिरतं. उघडल्यावर पेटीच्या तळाला पांढरट थर आणि टर्मिनलवर हिरवं दिसतं. माझ्या पुरवठादाराची गॅरंटी याच कारणाने तिसऱ्या वर्षी गेली. कारखान्याने त्याला बॅटरीची २ वर्षांची वॉरंटी दिलेली, त्याने नगरपंचायतीला ५ लिहून दिलेली. मधली ३ वर्षं त्याच्या खिशातून. तळकोकणी, कारखान्याकडून पत्र घेताना ५ वर्षं बॅटरीसकट, नगरपंचायतीचं आणि निविदेचं नाव घालूनच घ्या. स्क्रू स्टेनलेसचे, खांब गरम जस्ताच्या मुलाम्याचा, हे दरातच धरा.

तळकोकणी
कारखान्याचं पत्र माझ्याकडे आहे, पण त्यात बॅटरीचा उल्लेख नाही. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. माफीचं मी चुकीचं ऐकलं होतं. पण ५ वर्षं सगळी रक्कम अडकवणं मला अजून पटत नाही. माल पोहोचून दिवे लागल्यावर जोखीम कमी झाली ना?

गुहागर इलेक्ट्रिकल
हे बरोबर बोललात. हेच निविदा भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीत लेखी विचारा. पुरवठा आणि बसवणी होईपर्यंत ५ टक्के, त्यानंतर वॉरंटीसाठी कमी रकमेची नवी बीजी चालेल का? ती दिल्यावर जुनी किती दिवसांत परत मिळेल? कार्यालयाने मानलं तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते सगळ्या निविदाकारांना लागू होतं. पण भरलेल्या निविदेत "आम्ही २ टक्केच देऊ" असं लिहू नका. सशर्त निविदा म्हणून उघडतानाच बाद होईल.

निवृत्त लेखाधिकारी
मानतीलच असं नाही. लेखापरीक्षक विचारतील, कमी का केली? कमी करू नये असं माझं अजून मत आहे. दिवे तिसऱ्या वर्षी बंद पडतात, वायरमन भाऊंनी आत्ताच सांगितलं. तेव्हा २ टक्क्यांत किती बॅटऱ्या येतात?

गुहागर इलेक्ट्रिकल
मग ५ टक्क्यांतही १२० बॅटऱ्या येत नाहीत. नगरपंचायतीला दिवा लागण्याशी मतलब, माझ्या एफडीशी नाही.

रत्नागिरी ठेकेदार
माझ्या ८० हजारांचं कोणी सांगेल का? पोच नाही माझ्याकडे.

निवृत्त लेखाधिकारी
बँकेकडून बीजी पाठवल्याचं पत्र आणि तारीख काढा. त्या तारखेच्या आसपासची आवक नोंदवही माहिती अधिकारात मागा. मूळ खरोखरच हरवली असेल तर कार्यालयाने तसं लेखी द्यायचं आणि दायित्व संपल्याचंही लिहायचं. क्षतिपूर्ती बंधपत्र घेऊन काही बँका एफडी सोडतात. तुमची सोडेल का, ते शाखेत विचारावं लागेल.

तळकोकणी
प्री-बिड गुरुवारी आहे. तीन प्रश्न लेखी देतो: टप्प्याने कमी करायचं, मूळ बीजी किती दिवसांत परत, आणि दाव्याची मुदत बीजीच्या नमुन्यात किती. कारखान्याला आजच फोन करतोय, बॅटरीचं पत्र मिळालं नाही तर निविदाच सोडतो.