पेन ड्राइव्हवर जागा असूनही व्याख्यानांची फाइल का चढत नाही?

«निपाणीच्या सायबर कॅफेत व्याख्यानांची ५.२ जीबीची झिप फाइल उतरवली. पेन ड्राइव्हवर १९ जीबी जागा असूनही ती चढत नाही. तो खराब झाला आहे का?»

पेन ड्राइव्ह बहुधा शाबूत आहे. त्याच्या चिन्हावर उजवी क्लिक करून Properties उघडावे. File system समोर FAT32 दिसले, तर कारण तेच, कारण या मांडणीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही, मग रिकामी जागा कितीही असो.

कॅफेच्याच संगणकावर झिप उघडून आतली व्याख्याने सुटी करावीत आणि ती एकेक चढवावीत, हा मार्ग मला सर्वांत बरा वाटतो. प्रत्येक फाइल काहीशे एमबीचीच असल्याने ती सहज बसते आणि घरी मोबाइलवरही थेट पाहता येते. पेन ड्राइव्ह exFAT मध्ये फॉरमॅट केल्यासही अडचण सुटते, परंतु त्यावरील आधीच्या नोट्स पुसल्या जातात, शिवाय काही जुने टीव्ही ही मांडणी वाचत नाहीत. वेळ संपत आली म्हणून पेन ड्राइव्ह तसाच उपसू नये. आधी Eject करावे, मग तो पुन्हा जोडून शेवटचे व्याख्यान अखेरच्या मिनिटापर्यंत सरकवून चालते का, हे तिथेच पाहावे.